चार बोटांवरचा ठिपका ड्रमचा की फ्युझरचा, हे पट्टीला विचारा

प्रश्न: "यवतमाळ जिल्ह्यात गावात माझं ऑनलाइन सेंटर आहे. १२ए कार्ट्रिजवाला जुना लेझर प्रिंटर आहे, कार्ट्रिज दोनदा रिफिल केलेलं. आठ दिवसांपासून सातबाऱ्याच्या पानावर उजव्या बाजूला एका खाली एक काळे ठिपके येतात, साधारण चार-चार बोटांच्या अंतरावर. बहुतेक पानांवर चार येतात, एखाद्यावर तीन. रिफिलवाला म्हणतो टोनर खराब आहे, पुन्हा भरू. तालुक्याचा मेकॅनिक म्हणतो फ्युझर गेला, अडीच-तीन हजार लागतील. कोणाचं ऐकू?"

भाऊ, सध्या दोघांचंही नको. घरात पोराच्या कंपासमध्ये प्लास्टिकची पट्टी असेल, ती घ्या. चार बोटं हे माप इथे चालत नाही. कोणाची चार बोटं साडेपाच-सहा सेंटिमीटर भरतात, कोणाची साडेसात, आणि तेवढ्याच फरकात कार्ट्रिजमधला ड्रम आणि टोनर तापवून कागदावर पक्का करणारा फ्युझर वेगळे होतात. ड्रम शे-दोनशेचा माल आहे, फ्युझर तुमच्या मेकॅनिकने सांगितलेल्या भावाचा.

टोनर खराब असला तर पान राखाडी पडतं, अक्षर फिकट येतं, पावडर हाताला लागते, कुठेही शिंतोडे उडतात. ते शिंतोडे अंतर पाळत नाहीत. एकाच उभ्या रेषेत, ठरलेल्या अंतरावर, त्याच आकाराचा ठिपका येत असेल तर तो गोल फिरणाऱ्या वस्तूवरच्या एकाच जागेचा असतो. बैलगाडीच्या चाकाला शेण लागलं की वाटेवर ठरावीक अंतराने डाग पडत जातो, तसाच हा प्रकार. दोन डागांमधलं अंतर म्हणजे त्या चाकाचा घेर. म्हणून घेरावरून चाक ओळखायचं, एवढीच विद्या आहे.

घेर काढायला शाळेतलंच गणित लागतं, व्यास गुणिले ३.१४. तुमच्या १२ए कार्ट्रिजमधला ड्रम (तो हिरवा किंवा निळा चकचकीत नळा) २४ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याचा घेर ७५ मिलिमीटरच्या किंचित वर. तुमच्या वर्गाच्या छोट्या प्रिंटरांत फ्युझरमधली फिल्म, जिला आपण सगळे टेफ्लॉन म्हणतो, ती ड्रमपेक्षा बारीक असते. ती १८ मिलिमीटरची असेल तर ठिपके ५६-५७ मिलिमीटरवर येतील. मोठ्या ऑफिस प्रिंटरात ३० मिलिमीटरचा ड्रम असला तर तिथे हेच अंतर ९४ होतं. म्हणून नेटवर कुठला तरी तक्ता सापडला की तो लगेच आपल्या मशीनला लावू नका. तक्ता मॉडेलप्रमाणे बदलतो. तक्ता नसला तरी अडत नाही. शंका असलेल्या रोलरभोवती कागदाची बारीक पट्टी गुंडाळायची, टोक जिथे भेटतं तिथे पेनाने खूण करायची आणि पट्टी सरळ करून मोजायची.

आता तुम्हीच लिहिलेल्या एका गोष्टीकडे बघा. बहुतेक पानांवर चार ठिपके, एखाद्यावर तीन. ए-फोर पान २९७ मिलिमीटर लांब असतं. ७५ मिलिमीटरच्या घेराने भागलं तर उत्तर चारच्या अगदी जरा खाली येतं. म्हणजे चार ठिपके बहुतेक वेळा बसतील, आणि पहिला ठिपका थोडा उशिरा पडला तर चौथा पानाबाहेर जाऊन तीनच दिसतील. टेफ्लॉनचा ५७ चा घेर असता तर पानावर पाच आले असते, कधी सहाही. ९४ चा असता तर बहुतेक पानांवर तीनच. तुमची मोजणी नीट असेल तर पट्टी लावायच्या आधीच पारडं ड्रमकडे झुकलं आहे. तरी मोजाच, कारण एकच फिकट ठिपका नजरेतून सुटला की हे सगळं गणित बिघडतं.

मोजायची पद्धत सांगतो, कारण इथेच बरेच जण घसरतात. शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांचं अंतर मोजलं तर एक-दोन मिलिमीटरची चूक सहज होते. त्यापेक्षा पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत एकदम मोजा आणि मधल्या जागांनी भागा. चार ठिपके असतील तर मधल्या जागा तीन. समजा २२६ मिलिमीटर भरले, भागिले तीन, म्हणजे ७५.३. आता शंकेला जागा नाही. मोजताना ठिपक्याची वरची कड ते पुढच्याची वरची कड असं धरा, म्हणजे लांबट ठिपका असला तरी फसगत होत नाही. आणि मजकुराने भरलेल्या सातबाऱ्यावर मोजू नका. नोटपॅडमध्ये अगदी खाली एक पूर्णविराम टाकून तीन पानं लागोपाठ काढा. कोऱ्या पानावर ठिपका कसा उघडा पडतो ते बघा.

एक गुंता आधीच सांगून ठेवतो. ड्रमवर दोन जागी इजा झाली असेल तर पानावर अंतरं विचित्र दिसतात, म्हणजे २० मिलिमीटर, मग ५५, पुन्हा २०, पुन्हा ५५. माणूस गोंधळतो आणि म्हणतो की अंतर ठरावीक नाही. अशा वेळी ठिपक्याचा आकार ओळखायचा. एक गोल असेल, दुसरा तिरपा ओरखडा. गोल ते गोल मोजलं की ७५ च येतं. आणि दोन जखमा नेमक्या समोरासमोर असतील तर अंतर निम्म्यावर, ३७-३८ वर येतं आणि बारक्या रोलरचा संशय येतो. तिथेही आकारच सांगतो की हे दोन वेगळे ठिपके आहेत.

आता ड्रमवर जखम झाली की काळाच ठिपका का पडतो, हे समजून घेतलंत तर पुढे कोणी तुम्हाला फिरवू शकणार नाही. ड्रमच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यावर पातळ थर असतो, तो अंधारात विजेचा भार धरून ठेवतो. पीसीआर नावाचा रबरी रोलर त्यावर सगळीकडे सारखा भार चढवतो. लेझरचा प्रकाश पडतो तिथला भार उतरतो आणि भार उतरलेल्या जागीच टोनर चिकटतो. म्हणजे मशीनच्या हिशोबाने भार नसलेली जागा म्हणजे छापायची जागा. ड्रमचा थर एका बिंदूत खरवडला गेला, खालचं ॲल्युमिनियम उघडं पडलं, की तिथे भार टिकतच नाही. लेझरने काही न सांगता मशीन तिथे टोनर लावतं, आणि दर फेरीला लावतं. टोनर नवा भरा, महागडा भरा, तो बिंदू त्यालाही तसाच ओढून घेणार. रिफिलवाल्याचा सल्ला म्हणूनच इथे कामाचा नाही.

पण ७५ चं अंतर आलं म्हणजे ड्रम मेलाच असंही नाही. दोन शक्यता राहतात. एक म्हणजे थराला खरंच इजा झाली आहे. दुसरी म्हणजे वर काहीतरी चिकटलं आहे, स्टिकरचा गोंद, व्हाइटनरचा पापुद्रा, लॅमिनेशनच्या फिल्मचा कण. चिकटलेल्यावर टोनर साचतो आणि तोही काळा ठिपकाच देतो. आपल्या भागातल्या सेंटरवर दुसरी शक्यता मला नेहमी दिसते, आणि तिचं कारण पाठकोरे कागद. पीक विम्याच्या दिवसांत गर्दी असते, कागद संपतात, मग एका बाजूने वापरलेले कागद ट्रेमध्ये टाकतात. त्यात कोणाचा व्हाइटनर लावलेला अर्ज असतो, कोणाची अर्धी तुटलेली स्टेपलर पिन असते. कागद ड्रम आणि ट्रान्सफर रोलर यांच्या मधून दाबला जाऊन जातो. पिन असली तर पहिली जखम ड्रमला होते, आणि तीच पिन पुढे जाऊन टेफ्लॉन फाडते. व्हाइटनर असला तर तो सुटून कुठेही बसतो.

तेव्हा आता कार्ट्रिज काढून ती जागा डोळ्यांनी शोधा. खोलीत ऊन येत असेल तर पडदा ओढा, ड्रमला उजेड सोसत नाही, दोन-चार मिनिटांत काम आटपा. ठिपक्यांचं पान घ्या, छापलेली बाजू ड्रमकडे करून ड्रमसमोर धरा, कारण मशीनमध्येही कागद तसाच भेटतो. पानाच्या कडेपासून ठिपका किती आत आहे ते बघा, ड्रमवर तितक्याच अंतरावर नजर ठेवा आणि कडेच्या गिअरने ड्रम हळूहळू फिरवा. प्रिंट होताना फिरतो त्याच दिशेने फिरवायचा. उलटा फिरवला तर ड्रमवर उरलेला टोनर खरवडून काढणाऱ्या आतल्या वायपर ब्लेडची कड दुमडते आणि एका ठिपक्याच्या जागी उभे पट्टे सुरू होतात. ड्रमच्या पृष्ठभागावर बोट लावू नका. घामट बोटाचा ठसाही पुढे पानावर दिसतो.

जागा सापडली की टॉर्चचा उजेड क्षणभर तिरपा पाडा. वर आलेला उंचवटा दिसला, सावली पडली, तर काहीतरी चिकटलं आहे. कोरड्या कापसाच्या काडीने, जोर न करता, गोल गोल पुसा. एकदम निघत नाही, पण बऱ्याचदा निघतं. नखाने, ब्लेडने, टाचणीने खरवडायचं नाही. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर हे तर जवळही आणू नका, थर विरघळतो. याउलट खड्डा दिसला, चंदेरी टोक चमकलं, तर पुसत बसू नका. ती जखम भरत नाही, ड्रमच बदलायचा.

तुमच्या मेकॅनिकची बाजूही तपासून बघू, कारण फ्युझरचा निकाल घरीच लागतो. याला मी अर्ध्या पानाची चाचणी म्हणतो. प्रिंट द्या, कागद आत ओढला जाऊन पुढची कड बाहेर डोकावायला लागली की वरचं झाकण उघडा. मशीन थांबतं. स्वीच बंद करून, कार्ट्रिज काढून, पान हलक्या हाताने बाहेर घ्या. फ्युझर तापलेला असतो, तिथे हात नेऊ नका. पानाचा जो भाग अजून फ्युझरपर्यंत गेलाच नव्हता, तिथला टोनर नुसता भुकटीसारखा असतो, बोटाने पुसला जातो. त्या कच्च्या भागात, त्याच उभ्या रेषेत ठिपका दिसला तर फ्युझर सुटला, कारण तिथे फ्युझरने कागदाला हात लावलेलाच नाही. कच्चा भाग स्वच्छ आणि फ्युझरमधून गेलेला भाग ठिपकेदार असेल तर मात्र मेकॅनिक बरोबर. ही चाचणी दोन-तीनदा करा, कारण कच्चा तुकडा ७५ मिलिमीटरपेक्षा लहान राहिला तर ठिपका त्यात पडलेलाच नसण्याची शक्यता असते.

टेफ्लॉनच्या ठिपक्याची आणखी एक खूण असते. फाटलेल्या किंवा चिकट झालेल्या जागी टोनर नीट भाजला जात नाही, त्यामुळे त्या जागचं अक्षर बोटाने घासलं की निघतं. कधी आधीच्या ओळीची फिकट सावली एका फेरीनंतर खाली उमटते. ड्रमचा ठिपका मात्र पक्का भाजलेला, घासून न जाणारा असतो.

बाकीच्या रोलरांचं थोडक्यात सांगतो. ट्रान्सफर रोलर म्हणजे कार्ट्रिजखालचा काळा स्पंजासारखा रोलर, तो कागदाच्या पाठीला लागतो, म्हणून त्याचे डाग सहसा पानाच्या मागच्या बाजूला येतात. पान उलटून बघायची सवय लावा. कागद ओढणारा पिकअप रोलर पानाला एकदाच फिरतो आणि थांबतो, त्याच्याकडून चार ठिपक्यांची माळ येत नाही. ऑल-इन-वन मशीनवर फक्त झेरॉक्स काढताना ठिपका येत असेल, संगणकावरून प्रिंट दिल्यावर येत नसेल, तर काच पुसा, रोलर सगळे ठीक आहेत.

पीसीआरवर मात्र जरा थांबायला हवं, कारण ड्रम बदलूनही ठिपके राहिले असं म्हणणाऱ्यांची गोम तिथे असते. हा बारीक रोलर ड्रमला टेकून, ड्रमच्याच जोरावर फिरतो, म्हणून त्याचा घेर तसाच्या तसा पानावर उतरतो. ९ मिलिमीटरचा असेल तर साधारण २८ मिलिमीटरवर ठिपका, म्हणजे एका पानावर दहाच्या आसपास. आता होतं असं, की ड्रमला ॲल्युमिनियमपर्यंत छिद्र पडलं की पीसीआरमधली वीज त्या छिद्रातून गळते आणि पीसीआरचं रबरही तिथे भाजतं. माझ्याकडे असं एक कार्ट्रिज आलं होतं. सुरुवातीला ७५ वर ठिपका होता, मालकाने काही दिवस तसंच चालवलं. नवा ड्रम टाकल्यावर ७५ चा ठिपका गेला आणि २८ च्या अंतरावर बारीक, फिकट ठिपके उरले. त्याला वाटलं नवा ड्रमच खराब निघाला. अंतर बदललं आहे हे त्याने मोजलंच नव्हतं. पीसीआर काढला तर रबरावर टाचणीच्या डोक्याएवढा भाजलेला डाग. तो बदलल्यावर पान स्वच्छ झालं. म्हणून ड्रमवर छिद्र दिसत असेल तर महिनाभर तसंच रेटू नका.

ड्रमला टोनर पुरवणाऱ्या मॅग्नेट रोलरला मात्र हे सरळ गणित लागू होत नाही. तो ड्रमपेक्षा जलद फिरतो, त्यामुळे पानावरचं अंतर त्याच्या घेरापेक्षा कमी भरतं. कागदाची पट्टी गुंडाळून ३८ आले आणि पानावर ३४-३५ दिसले तर गोंधळू नका. शिवाय त्याचा दोष टोकदार ठिपक्याऐवजी फिकट-गडद डागासारखा दिसतो, भरीव काळ्या चित्रात जास्त. तुमचा ठिपका कोऱ्या जागेत टोकदार येतोय, तेव्हा त्याचा विषय इथे नाही.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. आधी तीन पानं काढून पट्टीने मोजा. ७४ ते ७६ च्या मध्ये आलं तर अर्ध्या पानाची चाचणी करून फ्युझर बाजूला काढा, मग ड्रमवरची जागा शोधून कोरडी पुसा आणि पुन्हा तीन पानं काढा. गेला तर उत्तम. गेला नाही, किंवा खड्डा दिसला, तर रिफिलवाल्याला टोनर भरायला सांगू नका, "१२ए चा ड्रम बदल आणि पीसीआर दाखव" असं सांगा. कार्ट्रिज त्याच्याकडे नेताना काळ्या पिशवीत किंवा पेपरात गुंडाळून न्या. आपल्याकडच्या मे महिन्यात ते गाडीच्या डिक्कीत ठेवून तालुक्याला जाऊ नका.

ड्रम बदलताना शक्य असेल तर समोर उभे राहा. दोन गोष्टी बघा. त्याने वायपर ब्लेडमागचा वेस्ट टोनर काढून टाकला का? दोनदा रिफिल केलेल्या कार्ट्रिजमध्ये तो बऱ्याचदा तसाच असतो, आणि भरून वाहायला लागला की नव्या ड्रमवरही शिंतोडे येतात, तेही कुठल्याच अंतरात न बसणारे. आणि नवा ड्रम बसवायच्या आधी त्यावर पॅडिंग पावडर किंवा निदान टोनरचा हात फिरवला का? कोरडा ड्रम फिरवला तर पहिल्याच पानाला ब्लेड दुमडते. मोजायला घेतलेली ती तीन पानं जपून ठेवा, तारीख लिहून. नव्या ड्रमनंतर पुन्हा ठिपका आलाच तर जुन्या पानाशेजारी ठेवून अंतर बघा. तेच ७५ आणि कडेपासून तितकंच आत असेल, तर तुमच्या कार्ट्रिजमध्ये बहुधा जुनाच ड्रम पुसून परत बसवलेला आहे. अंतर बदललेलं असेल तर इथे लिहा, सोबत मोजलेला आकडा, पानाच्या कोणत्या बाजूला ठिपका आहे ते, आणि एका पानावर किती येतात ते द्या.